ऑक्सिजनवरच्या पेशंटला रेल्वेने नेताना: सिलिंडरचा हिशेब, परवानगीचे कागद आणि डब्याचं अरुंद दार

माझे मामा मुंबईच्या दवाखान्यात तीन आठवडे होते. वय ७१, फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार (डॉक्टर त्याला आयएलडी म्हणतात). घरी सोडताना नाकात नळी, मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन, आणि दहा पावलं चाललं की धाप. घर नागपूरला. रस्त्याने अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च झेपणारा नव्हता आणि एवढे तास खड्ड्यांतून आडवं जाणं त्यांना नको होतं. म्हणून रेल्वे. त्यानंतर ओळखीपाळखीच्या दोन-तीन पेशंटची अशीच तयारी करून दिली. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो, मामांचाच प्रवास धरून.

मोठ्या शहरांत काही जण 'ट्रेन अ‍ॅम्ब्युलन्स' म्हणून सेवा विकतात. हा रेल्वेचा खास डबा नसतो. तेही सहसा एसीतले बर्थच काढतात आणि सोबत मशिन व माणूस देतात. व्हेंटिलेटर लागणाऱ्या पेशंटसाठी अशी माणसं हवीतच. नळीवर दोन-तीन लिटर लागणारा, शुद्धीत असलेला पेशंट मात्र घरचे लोक नीट तयारी करून नेऊ शकतात.

आधी डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं

रेल्वेत गॅस सिलिंडर नेता येत नाही, पण डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर पेशंटसोबत ऑक्सिजनचा सिलिंडर कोणत्याही वर्गात नेता येतो. स्टँडसकट तो नेहमीच्या मोफत सामानात धरला जातो. टू टायर एसीत ही मर्यादा माणशी ५० किलो आहे, थ्री टायर आणि स्लीपरमध्ये ४०. म्हणजे वेगळं बुकिंग किंवा पावती लागत नाही. सगळा भार त्या एका प्रमाणपत्रावर आहे, म्हणून ते नीट लिहून घ्या. नुसता डिस्चार्ज कार्डाचा गठ्ठा पुढे केला तर त्यातून नेमकी ओळ शोधायला गेटवर कोणाला वेळ नसतो.

दवाखान्याच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, एका पानात एवढं हवं: पेशंटचं तिकिटावर आहे तसंच नाव आणि वय, आजार, मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन लागतो, सोबत किती सिलिंडर असतील, कोणत्या तारखेला कुठून कुठे प्रवास, आणि 'सोबतीसह रेल्वेने प्रवास करण्यास योग्य' हे वाक्य. यात आणखी एक ओळ मी आवर्जून घालायला सांगतो: 'आजार संसर्गजन्य नाही'. १९८९ च्या रेल्वे कायद्यातल्या कलम ५६ नुसार ठरावीक संसर्गजन्य आजारांच्या रुग्णाला रेल्वेच्या परवानगीशिवाय डब्यात बसता येत नाही. खोकणारा, नळी लावलेला माणूस दिसला की शेजारच्या बर्थवाल्याच्या मनात टीबी येतोच. ती एक ओळ टीसीला दाखवली की विषय तिथेच संपतो. कागद इंग्रजी किंवा हिंदीत घ्या, कारण वाटेत कर्मचारी बदलतात. चार झेरॉक्स काढा.

त्याच भेटीत डॉक्टरांना तीन आकडे विचारा. आराम करताना किती लिटर, हालचाल करताना किती, आणि झोपेत वाढवावा लागतो का. चौथा प्रश्न ऑक्सिमीटरवरच्या आकड्याचा: किती ते किती ठेवायचा? सगळ्यांना ९८ लागत नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसत जाण्याचा जुना आजार असलेल्या पेशंटला बहुधा ८८ ते ९२ एवढाच ठेवायला सांगतात, आणि घाबरून नळ मोठा केला तर त्याला गुंगी येऊ शकते. मामांसाठी उत्तर मिळालं: आरामात दोन, हालचालीत चार, झोपेत दोनच.

शक्य असेल तर निघायच्या आदल्या दिवशी, वॉर्डातच, पेशंटला तासभर पाठ टेकवून बसवून बघा. तीन आठवडे पलंगावर असलेला माणूस बसल्याबसल्या दमतो, आणि ते दवाखान्यात कळलेलं बरं.

गाडी आणि बर्थ

गाडी निवडताना पहिला निकष वेळ नाही, तर ती जिथून आपण चढणार तिथूनच सुटते का आणि जिथे उतरणार तिथेच संपते का हा आहे. मधल्या स्टेशनावर गाडी दोन ते पाच मिनिटं थांबते. तेवढ्यात स्ट्रेचरवरचा माणूस, दोन सिलिंडर आणि सामान चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. सुटायच्या स्टेशनावर गाडी बहुतेक वेळा अर्धा-पाऊण तास आधी लागते. आम्ही सीएसएमटी–नागपूर दुरांतो घेतली. रात्री सव्वाआठला सुटते, सकाळी साडेसातच्या सुमारास नागपूरला संपते. सीएसएमटीचा दुसरा फायदा म्हणजे गाड्या तिथे येऊन संपतात, त्यामुळे बाहेरच्या आवारातून फलाटावर सपाट जाता येतं, पूल चढावा लागत नाही.

वर्ग शक्यतो टू टायर एसी. थ्री टायरमध्ये मधला बर्थ उघडला की खालच्याला पाठ टेकवून उठून बसता येत नाही, आणि धाप लागणाऱ्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. फर्स्ट एसीत दार बंद होणारी खोली मिळते, पण तिथे तिकीट काढताना बर्थ नंबर मिळत नाही, तो चार्टच्या वेळी लागतो. दोन बर्थचा कूपे हवा असेल तर पेशंटचा कागद जोडून आधीच लेखी विनंती करावी लागते. टू टायरमध्ये १ आणि ३ नंबरचे बर्थ खालचे आणि समोरासमोर असतात. मग ७ आणि ९, असंच पुढे. साइड लोअर टाळा, येणारा-जाणारा नळीला पाय लावतो. दारापासून पहिला किंवा दुसरा कप्पा मिळाला तर उत्तम. संडासाजवळ असला तरी पेशंट उचलून नेण्याचं अंतर निम्मं होतं.

तिकीट आता ६० दिवस आधी निघतं, पण डिस्चार्जची तारीख एवढी आधी कोणाला माहीत असते? बहुतेकांना वेटिंग लिस्टच मिळते. अशा वेळी आपत्कालीन कोटा असतो, ज्याला बोलीभाषेत एचओ कोटा म्हणतात. वेटिंगचं तिकीट आधी काढलेलं हवं. त्याचा पीएनआर, डॉक्टरांचं पत्र आणि अर्ज घेऊन विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयातल्या वाणिज्य शाखेत जायचं. मुंबईत मध्य रेल्वेचं हे कार्यालय सीएसएमटीलाच आहे. दुपारी दोननंतर सुटणाऱ्या गाडीसाठी अर्ज आदल्या दिवशी चार वाजेपर्यंत पोचावा लागतो, मध्यरात्र ते दुपारी दोन यांत सुटणाऱ्या गाडीसाठी आदल्या दिवशी बारापर्यंत. कोटा मिळेलच असं नाही. म्हणून मी दोन वेगवेगळ्या तारखांची तिकिटं काढून ठेवायला सांगतो, एक नंतर रद्द करता येतं.

सवलतीबद्दल एकच सांगतो. कॅन्सर, किडनी, हृदयाची शस्त्रक्रिया अशा ठरावीक आजारांना भाड्यात सूट आहे आणि ती खिडकीवरच मिळते. फक्त ऑक्सिजन लागतो म्हणून सूट नाही.

रेल्वेला पत्र

नियमाने सिलिंडरला प्रमाणपत्र पुरतं. तरी मी स्टेशन व्यवस्थापकांच्या नावे एक साधं पत्र देतो आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतो. त्यात गाडी नंबर, तारीख, पीएनआर, डबा व बर्थ, सिलिंडरची संख्या लिहायची आणि तीन गोष्टी मागायच्या: स्टेशनचं स्ट्रेचर, अ‍ॅम्ब्युलन्स फलाटाच्या सगळ्यात जवळ आणता येईल अशा गेटने आत सोडण्याची परवानगी, आणि उतरण्याच्या स्टेशनाला निरोप. हे पत्र एक-दोन दिवस आधी द्या. कोणतं गेट, कोणाला भेटायचं, हे तिथेच तोंडी विचारून घ्या. प्रत्येक स्टेशनची वाट वेगळी असते आणि ती कागदावर कुठे लिहिलेली नसते.

शिक्क्याच्या त्या प्रतीचा उपयोग आम्हाला सामान तपासणीपाशीच झाला. जवानाने सिलिंडर बघून हात आडवा केला. मामेभावाने दोन कागद पुढे केले. त्याने दोन्ही वाचले, स्ट्रेचरवरच्या मामांकडे पाहिलं आणि म्हणाला, "न्या, पण उभा बांधून ठेवा, आडवा लोळता नको."

सिलिंडरचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

भाड्याने मिळतो तो कमरेच्या आसपास येणारा काळा, पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर बहुधा बी टाइप असतो. त्याच्या आत साधारण दहा लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. मीटरवरचा बारमधला दाब या दहाने गुणला की आत किती लिटर ऑक्सिजन आहे ते कळतं. काटा १५० वर असेल तर १५०० लिटर. दुकानदार 'फुल्ल आहे' म्हणेल, पण काटा १२० वर असेल तर ते १२०० च. म्हणून ताब्यात घेताना मीटर लावून काटा स्वतः बघा. काटा २० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, तोवर दुसरा लावायचा. म्हणजे १५० च्या सिलिंडरातून आपल्या कामाचे १३०० लिटर.

आता मामांचा हिशेब. पावणेसातला अ‍ॅम्ब्युलन्सचा ऑक्सिजन सुटतो, सकाळी आठला नागपूरच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा लागतो. हे सव्वातेरा तास. गाडी रखडेल म्हणून चार तास जास्तीचे धरले, एकूण सव्वासतरा. मिनिटाला दोन म्हणजे तासाला १२० लिटर, त्याचे झाले २०७०. चढता-उतरताना चार लिटरवर जाणार, त्याचे वरचे सव्वाशे. एकूण २२०० च्या आसपास. दोन सिलिंडरांतून २६०० मिळतात, म्हणजे भागलं आणि थोडं उरलं. हाच पेशंट रात्रभर तीन लिटरवर असता तर ३१०० च्या वर गेलं असतं आणि तिसरा सिलिंडर लागला असता. चार-पाच लिटर लागणाऱ्याला रात्रभर सिलिंडरवर नेणं घरच्यांचं काम नाही.

हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं घरचं मोठं कॉन्सन्ट्रेटर बर्थजवळच्या प्लगवर चालेल या भरवशावर राहू नका. ते ३०० वॉटच्या वर वीज खातं, आणि तो प्लग मोबाइलसाठी आहे. शिवाय रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंगची वीज बंद ठेवण्याची रेल्वेची सूचना आहे. बॅटरीवरचं छोटं, खांद्याला अडकवायचं मशिन दिवसाच्या प्रवासाला चांगलं, पण त्यावरचा '२' हा आकडा म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे. ते श्वास ओढला की थोडा थोडा ऑक्सिजन सोडतं. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्याचा श्वास त्याला कळतच नाही. असं मशिन न्यायचं तर आधी एक रात्र घरी ऑक्सिमीटर लावून बघा.

सिलिंडरसोबत दोन रेग्युलेटर घ्या, एक नको. त्यांची चावी, चार जादा वॉशर, दोन नाकातल्या नळ्या आणि एक लांब जोडनळी. काचेच्या नळीत गोळी वर-खाली होणारा मीटर असेल तर तो उभा असतानाच खरा आकडा दाखवतो. सिलिंडर आडवा केला की गोळी काहीही सांगते. म्हणून सिलिंडर उभाच, खिडकीकडच्या टेबलाच्या पायाशी, दोन ठिकाणी ओढणीने किंवा पट्ट्याने घट्ट बांधायचा. ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली मिनिटाला दोन लिटरला बहुतेकांना लागत नाही, आणि गाडीच्या हादऱ्याने तिचं पाणी नळीत शिरतं. डॉक्टरांना विचारून आम्ही ती काढूनच टाकली. वॉशर किंवा आट्यांना तेल, व्हॅसलीन काही लावायचं नाही, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. नाक कोरडं पडलं तरी व्हॅसलीन नको, पाण्यात विरघळणारं जेल विचारून घ्या.

दारातून आत

स्ट्रेचर डब्याच्या दारापर्यंत जातं, आत जात नाही. दारातून आत शिरल्यावर लगेच काटकोनात वळावं लागतं, पुढे आणखी एक दार, आणि मग अरुंद वाट. माणसाएवढं लांब कडक स्ट्रेचर त्या कोपऱ्यात वळत नाही. लोक तिथे येऊन हे शोधून काढतात, मागे रांग लागते, आणि पेशंट तिरका लटकतो.

बसू शकणाऱ्या पेशंटला खुर्चीवरून न्यायचं. हात नसलेली, हलकी, मजबूत खुर्ची. छातीशी चादरीचा पट्टा बांधायचा, एकाने पाठ आणि दुसऱ्याने पुढचे पाय धरायचे. खुर्ची जागच्या जागी वळते. मामांना आम्ही असंच नेलं. खुबा मोडलेला किंवा पाठीचं ऑपरेशन झालेला, ज्याला बसताच येत नाही, त्याला झोळीने न्यायचं. जाड सतरंजी किंवा कापडी स्ट्रेचर अंगाखाली आधीच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालून ठेवायचं, म्हणजे फलाटावर अंथरायची वेळ येत नाही. चार जण लागतात, आणि वाट अरुंद असल्याने ते दोन पुढे, दोन मागे असे चालतात, बाजूला कोणी मावत नाही. पाय आधी न्यायचे की डोकं, हे बर्थवर उशी कुठे येणार त्यावरून आधीच ठरवा. आत गेल्यावर माणूस फिरवता येत नाही. मणक्याला इजा असेल तर झोळी चालणार नाही, तिथे डॉक्टरांनी सांगितलेली फळी आणि उचलायची सवय असलेली माणसंच हवीत.

क्रम असा ठेवा. गाडी लागली की आधी एक जण आत जाऊन एक सिलिंडर बांधतो, रेग्युलेटर लावून गोळी दोनवर आणतो, नळीचं टोक उशीवर ठेवतो. मग पेशंट दुसऱ्या सिलिंडरवर आत येतो. तो सिलिंडर तिसऱ्या माणसाने हातात धरून, खुर्चीच्या मागोमाग न्यायचा. बर्थवर बसवलं की नाकातली नळी एका सिलिंडरवरून काढून दुसऱ्यावर लावायची. काही सेकंदांचं काम. हमालांचे पैसे आधी ठरवा, आणि त्यांना 'पेशंट आहे' एवढंच न सांगता 'खुर्चीवरून, चार लिटरवर, घाई नको' असं सांगा. आत पोचल्यावर मामांचा ऑक्सिमीटर ८४ दाखवत होता. चार लिटरवर सहा-सात मिनिटांत ९२ झाला, मग दोनवर आणलं. हा उतार अपेक्षित असतो. पंधरा मिनिटांत तो परत आला नाही तर मात्र गाडी सुटायच्या आत निर्णय घ्यायचा.

रात्र

एक वही घ्या आणि दर तासाला तीन आकडे लिहा: वेळ, काटा, ऑक्सिमीटर. दहा लिटरच्या सिलिंडरात दोन लिटरवर काटा तासाला बारा घरं खाली यायला हवा. साडेसातला आमचा काटा १४५ वर होता. साडेआठला ११८. सत्तावीस घरं गेली होती. गाडीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण रेग्युलेटरच्या सांध्याशी गाल नेला तर गार वारा लागला. मामांना दुसऱ्या सिलिंडरवर घेतलं, पहिल्याचा नळ बंद केला, रेग्युलेटर सोडला. वॉशरला एका बाजूला चीर होती. नवा घातला, चावीने आवळला, आणि पुढच्या तासाला बरोबर बारा घरं. वही नसती तर हे मध्यरात्रीनंतर कळलं असतं.

लघवीसाठी भांडं बर्थजवळच ठेवा, संडासापर्यंतची वाट पेशंटला परवडत नाही. शेजाऱ्यांना आणि डब्यातल्या अटेंडंटला सुरुवातीलाच सांगा की ऑक्सिजन आहे, काडी ओढायची नाही, उदबत्ती नाही. सिगारेट तर गाडीत तशीही बंदच आहे. टीसी आला की प्रमाणपत्राची एक प्रत देऊन टाका.

बिघडलं तर १३९ ला फोन, पीएनआर आणि डबा-बर्थ सांगायचे. डॉक्टर पुढच्या थांब्याच्या स्टेशनावर येतो, चालत्या गाडीत नाही. दुरांतोसारख्या गाडीला थांबे फार थोडे, म्हणून फोन लवकर करायचा, आकडा घसरायला लागल्याबरोबर. गाडीत प्रथमोपचार पेटी असते, पण तिच्यातल्या ऑक्सिजनवर आपला हिशेब मांडायचा नाही.

उतरताना

नागपूर तासाभरावर आलं की अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला फोन करा, आणि गाडी कोणत्या फलाटावर येणार ते विचारायला एक नातेवाईक स्टेशनावर आधीच उभा ठेवा. बाहेर जायला फलाट बदलावा लागला तर खुर्ची लिफ्टमध्ये बसते. आडवं स्ट्रेचर बसेलच असं नाही, ते त्याने आधी जाऊन बघायचं. फलाटाच्या टोकाला हातगाड्या रूळ ओलांडतात ती सपाट वाट असते, पण तिथून रेल्वेचा माणूस सोबत असेल तरच जायचं. गाडी तिथेच संपत असल्याने घाई करू नका. सगळा डबा रिकामा होऊ द्या. आम्ही शेवटी उतरलो. दुसऱ्या सिलिंडरचा काटा ७० वर होता.

भाड्याने आणलेले हे सिलिंडर परत कसे जाणार, हे निघण्याआधीच ठरवा. ते गाडीत बसले ते पेशंटमुळे. रिकामा गॅस सिलिंडर लगेज म्हणून बुक होत नाही, आणि परत जाताना तुमच्याजवळ ना पेशंट असतो ना प्रमाणपत्र. मामेभावाने ते ट्रान्सपोर्टने पाठवले, अकरा दिवसांनी पोचले, आणि तेवढ्या दिवसांचं भाडं डिपॉझिटमधून कापलं गेलं. पुढच्या पेशंटच्या वेळी आम्ही सिलिंडर पोचायच्या गावातल्या दुकानातून घेतले, जी गाडी नाहीतरी तिकडून रस्त्याने येणारच होती तिच्यातून मागवले, आणि प्रवास संपल्यावर तिथल्या तिथे परत केले.